घोषवाक्य लेखन : एका खऱ्या गोष्टीतून तीस ओळी, तिसांतून तीन



नववी-दहावीच्या उपयोजित लेखनात जाहिरात लेखन येतं. प्राथमिकच्या वर्गातही बाल आनंद मेळाव्याच्या वेळी मुलं आपापल्या स्टॉलसाठी पाट्या लिहितात. दोन्हीकडे एकच अडचण दिसते. वस्तू कोणतीही असो, वर ओळ ठरलेली असते : 'स्वस्त आणि मस्त', 'एकदा खाल तर खातच राहाल', 'चवीला तोड नाही'. ओळी चुकीच्या नाहीत, पण त्या भेळेलाही चालतात आणि लोणच्यालाही. वाचणाऱ्याला त्यातून वस्तूबद्दल काहीच कळत नाही.

असं होतं कारण आपण वस्तूकडे न बघता आठवणीतून लिहितो. पेन हातात घेतल्यावर पहिल्या आठ-दहा ओळी येतात त्या आपण कुठेतरी ऐकलेल्या असतात. आपली ओळ त्यांच्यानंतर येते. म्हणून एकच ओळ लिहून थांबायचं नाही, तीस लिहायच्या. आणि तिसाव्या ओळीपर्यंत भरकटायचं नसेल तर सगळ्या ओळी वस्तूच्या एकाच खऱ्या गोष्टीला बांधायच्या. आज हीच पद्धत एका उदाहरणावरून पायरी-पायरीने बघू.

उदाहरण आपल्या घरचंच घेऊ. समजा, सोलापुरातल्या एका महिला बचत गटाला शेंगा चटणीच्या पाव किलोच्या पाकिटासाठी घोषवाक्य हवं आहे. गड्डा यात्रेत त्यांचा स्टॉल लागणार आहे. शेजारी चटणीचेच आणखी स्टॉल असणार. गिऱ्हाईक चालता चालता पाटीवर एक नजर टाकणार आणि पुढे जाणार. तेवढ्यात काय सांगायचं?

पायरी १ : विचारा आणि बघा

लिहायला बसण्याआधी वस्तू बनवणाऱ्याकडे जायचं. 'तुमच्या चटणीत विशेष काय?' असं विचारलं तर उत्तर येतं, 'एकदम भारी आहे.' त्याचा उपयोग नाही. त्यापेक्षा 'आधी काय करता? मग काय करता?' असं विचारत जायचं आणि ऐकलेलं तसंच वहीत उतरवायचं. आपल्या गटाकडून ही माहिती मिळाली असं समजू :

- शेंगदाणे भाजून, साल काढून घेतात.
- लाल तिखट, लसूण, जिरं आणि मीठ घालतात.
- सगळं एकत्र उखळात कुटतात. उखळ दगडी आहे, पण मुसळ विजेवर वरखाली होतं.
- कुटता कुटता दाण्यांना तेल सुटतं आणि चटणी ओलसर, चकचकीत होते. वरून तेल घालत नाहीत.
- ठेवून ठेवून चटणीला खवट वास येऊ लागतो, म्हणून थोडी थोडीच करतात.

आता यातली एकच गोष्ट निवडायची. निवडताना तीन प्रश्न विचारा. ती आपण डोळ्यांनी पाहिली आहे का? ऐकणाऱ्याला ती नवीन वाटेल का? तिच्यामुळे खाणाऱ्याला काही फरक पडतो का?

दाणे भाजणं सगळेच करतात, म्हणून ते बाजूला. तिखट-लसूणही सगळीकडे असतं. तेलाची गोष्ट मात्र तिन्ही प्रश्नांना उतरते. ती डोळ्यांनी दिसते. ऐकणारा थांबतो, कारण चकचकीत चटणी बघून बऱ्याच जणांना वाटतं की वरून तेल ओतलंय. आणि खाणाऱ्याला फरक पडतो, कारण अशी चटणी भाकरीवर तशीच घेता येते.

कारणही समजून घ्या. शेंगदाण्यात वजनाच्या निम्म्याच्या जवळपास तेलच असतं, पण ते दाण्याच्या आत बारीक बारीक पेशींत कोंडलेलं असतं. मुसळाच्या घावांनी दाणा चिरडला, दाबला जातो तेव्हा ते बाहेर येतं. मिक्सरमध्ये दाणे थोडेच फिरवले तर त्यांचे तुकडे होतात आणि भुरभुरीत कूट मिळतं. कारण माहीत असलं की ओळी लिहिताना हात अडत नाही, आणि कुठे खोटं होतंय तेही लगेच कळतं.

पायरी २ : एक साधं वाक्य लिहा

निवडलेली गोष्ट आता एका साध्या वाक्यात मांडायची. यमक नको, उद्गारचिन्ह नको, 'खमंग', 'अप्रतिम', 'दर्जेदार' अशी विशेषणंही नकोत. आपलं वाक्य असं होईल :

'ही चटणी उखळात कुटलेली आहे आणि तिच्यात दिसणारं तेल शेंगदाण्यांचंच आहे, वरून घातलेलं नाही.'

हे वाक्य फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात लिहून चौकट करून ठेवा. पुढे लिहिलेली प्रत्येक ओळ याच वाक्याशी ताडून बघायची आहे.

खरी गोष्ट नेहमी गोड असायला हवी असं नाही. 'वाट पाहीन, पण एसटीनेच जाईन' ही ओळ आपल्या सगळ्यांना पाठ आहे. त्यात एसटीची वाट बघावी लागते हे सरळ कबूल केलेलं आहे. म्हणूनच पुढच्या अर्ध्या ओळीवर विश्वास बसतो.

पायरी ३ : सहा दारांतून तीस ओळी

'तीस ओळी लिहा' असं नुसतं म्हटलं तर मुलं सातव्या ओळीला अडतात. म्हणून एकाच वाक्याकडे सहा दारांतून जायचं आणि प्रत्येक दारातून पाचच ओळी आणायच्या. एका दाराला पाच-सहा मिनिटं पुरतात. या वेळात खोडरबर दप्तरात ठेवायचं. ओळ वाईट वाटली तरी खोडायची नाही आणि दुसऱ्याच्या ओळीला हसायचं नाही. निवड नंतर करायची आहे.

पहिलं दार : सरळ सांगणं.
१. वरून तेल घातलेलं नाही.
२. तेल शेंगदाण्याचंच आहे.
३. ही चटणी कुटलेली आहे, दळलेली नाही.
४. उखळात कुटलं की तेल आपोआप सुटतं.
५. दाणे, तिखट, लसूण, जिरं, मीठ. सहावं काही नाही.

दुसरं दार : खाणाऱ्याच्या ताटाजवळून.
६. भाकरीवर घ्या, तेलाची बाटली राहू द्या.
७. बोटाला लागेल ते दाण्याचं तेल.
८. चिमटीत दाबा, कळेल.
९. दही हवं तर घ्या, तेल नको.
१०. भाकरी तुमची, तेल आमच्या दाण्याचं.

तिसरं दार : दोन गोष्टी समोरासमोर ठेवणं.
११. वरचं नाही, अंगचं तेल.
१२. घातलं नाही, सुटलं.
१३. दळली तर पूड, कुटली तर चटणी.
१४. घाव उखळात, चव ताटात.
१५. तेल नाही ओतलं, घाम ओतला.

चौथं दार : प्रश्न.
१६. तेल कुणी घातलं? दाण्यानं!
१७. दाण्यातच तेल आहे, मग वरून कशाला?
१८. हे तेल आलं कुठून?
१९. उखळ असताना बाटली कशाला?
२०. तुमच्या चटणीला वरून तेल लागतं का?

पाचवं दार : म्हणी आणि वाक्प्रचार.
२१. शेंगदाण्यानं उखळात डोकं घातलं, म्हणून ही चटणी झाली.
२२. मुसळाला न घाबरलेले दाणे.
२३. मुसळाचे घाव सोसले, तेव्हा चटणीपण आलं.
२४. आमचं उखळ पांढरं नाही, लाल!
२५. दाणा लहान, पण तेल महान.

सहावं दार : नाद आणि बोली.
२६. दाणे कुटले, तेल सुटले.
२७. ठकठक उखळ, चकचक चटणी.
२८. बिनतेलाची, बिनघोर चटणी.
२९. हिला हिचंच तेल पुरतंय.
३०. खमंग, खुसखुशीत, खास सोलापुरी!

पहिल्या दारातल्या ओळी सपक वाटतात, पण त्या आधी लिहूनच घ्यायच्या. पुढच्या बऱ्याच ओळी त्यांच्याच पोटातून निघतात. नादाचं दार मुद्दाम शेवटी ठेवलं आहे. सुरुवातीलाच यमकामागे लागलं की यमक जिकडे नेईल तिकडे अर्थ जातो. तिसावी ओळ बघा, तीन वेळा 'ख' जुळला आणि तेल गायब झालं.

पायरी ४ : चार चाळण्या

आता तिसांतून निवडायचं. 'कोणती आवडली?' असं विचारून हात वर करायला लावू नका. मुलं वर्गातल्या हुशार मुलाच्या ओळीला मत देतात. त्याऐवजी एकेक चाळणी लावायची आणि ओळ का गळली ते शेजारी एका शब्दात लिहायचं.

पहिली चाळणी खरेपणाची. चौकटीतलं वाक्य समोर ठेवा. २८वी ओळ कानाला सगळ्यात गोड लागते, पण ती खोटी आहे. चटणीत तेल आहे, आणि भरपूर आहे. ते फक्त वरून घातलेलं नाही. 'वरून तेल नाही' आणि 'तेल नाही' यांत एका शब्दाचा फरक आहे. डॉक्टरांनी तेल कमी खायला सांगितलेल्या माणसाने 'बिनतेलाची' वाचून पाकीट नेलं, तर त्याची फसवणूकच झाली. अन्नपदार्थाच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ च्या कलम ५३ नुसार १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ते वेगळंच. १५वीही गळते, कारण मुसळ विजेवर चालतं, घाम ओतलेला नाही. १३वी अर्धवट खरी आहे. दाणे मिक्सरमध्ये बराच वेळ फिरवले तर त्यांनाही तेल सुटतं, त्यामुळे 'दळली तर पूड' असं छातीठोक म्हणता येत नाही. तीन ओळी गेल्या, सत्तावीस उरल्या.

दुसरी चाळणी अदलाबदलीची. तीच ओळ दुसऱ्या वस्तूवर चिकटवून बघा. चिकटली तर ती आपली नाही. ३०वी चिवड्यालाही चालेल. ३, १४, २३ आणि २७ या ओळी उखळात कुटलेल्या कुठल्याही मसाल्याला चालतील. २४वी तर मिरची कुटणाऱ्याचीच वाटते. या सहा गेल्या, एकवीस उरल्या.

तिसरी चाळणी पहिल्याच ऐकण्याची. ज्याला चटणीबद्दल काही सांगितलेलं नाही अशा शेजारच्या वर्गातल्या मुलाला ओळ एकदाच ऐकवायची आणि विचारायचं, 'काय कळलं?' समजावून सांगायचं नाही. 'घातलं नाही, सुटलं' ऐकून तो विचारेल, 'काय सुटलं?' १८व्या ओळीत प्रश्न आहे, उत्तर नाही. २०वी ऐकून गिऱ्हाइकाला वाटेल की आपल्या घरच्या चटणीला नावं ठेवतायत. २१ आणि २२ला मूळ म्हण माहीत असावी लागते. २५वीत तेल महान कशामुळे ते कळत नाही. या सहा गळल्या.

याच चाळणीत ११व्या ओळीची गंमत होते. 'अंगचं' म्हणजे मूळचं, जसे अंगचे गुण. लिहिणाऱ्याला हे स्पष्ट असतं. पण मूल ऐकतं 'अंगाचं तेल' आणि त्याच्या डोळ्यापुढे मालिशची बाटली येते. चटणीच्या पाकिटावर ही आठवण नको. मात्र ओळीची बांधणी चांगली आहे, म्हणून टाकून न देता शब्द बदलायचा : 'वरचं नाही, दाण्याचं तेल.' मग 'तेल' पुढे आणून बघायचं : 'तेल वरचं नाही, दाण्याचं.' आता ऐकणाऱ्याला पहिल्याच शब्दाला विषय कळतो. शेवटी 'च' लावला की ओळ पक्की बसते : 'तेल वरचं नाही, दाण्याचंच!' तीस ओळींत अशी एखादी दुरुस्त करण्यासारखी ओळ नेहमी असते. पंधरा ओळी उरल्या.

चौथी चाळणी जिभेची. ओळ मोठ्याने तीनदा म्हणा, स्टॉलवर उभं राहून ओरडल्यासारखी. जीभ अडखळली, दम लागला किंवा आवाज मध्येच पडला तर ती गळाली. ५वी ओळ वाचायला छान आहे, पण ओरडता येत नाही. ४, ७, ९, १० आणि १९ याही म्हणताना ढिल्या पडतात. नऊ उरतात : १, २, ६, ८, सुधारलेली ११, १६, १७, २६ आणि २९.

२६व्या ओळीत व्याकरणाचीही एक गोष्ट आहे. 'दाणे' अनेकवचनी पुल्लिंगी, म्हणून 'कुटले'. 'तेल' एकवचनी नपुंसकलिंगी, त्याचं लेखी रूप 'सुटले'. दोन्ही 'ले' वर येतात आणि यमक आपोआप जुळतं. बोलीत आपण 'तेल सुटलं' म्हणतो, तसं लिहिलं तर यमक मोडेल. 'दाणा कुटला, तेल सुटला' असंही मुलं लिहितात. तिथे यमकासाठी तेलाचं लिंगच बदललं, ते चालणार नाही. जोडीला जोड बरोबर बसत असेल तरच यमक घ्यायचं.

पायरी ५ : एक रात्र जाऊ द्या, मग तीन निवडा

त्या दिवशी निवड संपवायची नाही. नऊ ओळी वर्गाला एकदा वाचून दाखवा आणि फळा पुसा. दुसऱ्या दिवशी काही न दाखवता विचारा, 'कालच्यातली कोणती आठवते?' जी ओळ जशीच्या तशी आठवते ती चांगली. जी थोडी बदलून आठवते तिच्याकडे तर नीट बघा, कारण मुलांनी जिभेला सोयीचा केलेला बदल बऱ्याचदा मूळ ओळीपेक्षा सुटसुटीत असतो.

मग एकाच अर्थाच्या ओळी शेजारी ठेवा. १, २ आणि ११ एकच गोष्ट सांगतात, त्यांतली ११ नेमकी आहे. १६ आणि १७ जुळ्या बहिणी आहेत. शेवटी विचारायचं, ही ओळ कुठे लागणार? जागा बदलली की ओळ बदलते. आपल्या बचत गटासाठी निवड अशी होईल :

पाकिटावर – तेल वरचं नाही, दाण्याचंच! (चकचकीत चटणी बघून मनात येणाऱ्या शंकेला हे थेट उत्तर आहे.)

स्टॉलवर ओरडायला – दाणे कुटले, तेल सुटले! (गर्दीत अर्धी ओळ ऐकू आली तरी ठेका कानात राहतो.)

चवीच्या वाटीजवळ छोट्या पाटीवर – चिमटीत दाबा, कळेल. (समोर वाटी असेल तरच हिला अर्थ आहे. बंद पाकिटावर ही ओळ वाया जाते.)

पहिली साधी ओळ, 'वरून तेल घातलेलं नाही', पाकिटाच्या मागे माहितीत जाईल. आणि चटणी खवट होण्याची गोष्ट आठवते ना? कुणी उत्साहाने 'वर्षभर ताजी' असं जोडायला निघालं तर हात धरायचा. तिथे बनवल्याची तारीखच हवी.

आणखी एक सांगायला हवं. उद्या गटाने घाईच्या हंगामात वरून तेल घालायला सुरुवात केली, तर त्याच दिवशी पाकिटावरची आणि स्टॉलवरची ओळ खोटी होईल. शब्द तेच, पण वस्तू बदललेली. म्हणून घोषवाक्य देताना चौकटीतलं साधं वाक्यही गटाच्या हातात द्यायचं आणि सांगायचं, 'हे बदललं तर पाटी बदला.'

परीक्षेत वेळ कमी असतो, मग?

तिथे तीस ओळी जमणार नाहीत. पण दोन मिनिटांत साधं वाक्य, तीन दारांतून दोन-दोन अशा सहा ओळी आणि पहिल्या दोन चाळण्या, एवढं कच्च्या पानावर नक्की होतं. प्रश्नात वस्तूची माहिती दिलेली असेल तर खरी गोष्ट त्यातूनच उचला, मनाची घालू नका.

सराव

सोलापुरी चादर घ्या. घरात असेल तर उलटून बघा. नक्षी वर छापलेली नसून जेकार्ड मागावर धाग्यांतच विणलेली असते, आणि उलट्या बाजूला तीच नक्षी रंगांची अदलाबदल होऊन दिसते. यातून एक साधं वाक्य तयार करा, विशेषण न वापरता. मग सहा दारं, तीस ओळी, चार चाळण्या, एक रात्र. निवडलेल्या तीन ओळींबरोबर गळलेल्यांपैकी पाच ओळी आणि त्या का गळल्या ते वहीत लिहा. शिक्षकांनी वही तपासताना आधी ती पाच कारणं वाचावीत. मुलाला पद्धत समजली की नाही ते तिथेच कळतं.